दहावी निकाल विश्लेषण, मार्च २०२५ : प्रकल्प नोंदी

१३ मे २०२५, मंगळवार

दुपारी एक वाजता निकाल लागला. राज्याचा ९४.१० टक्के. विभागांमध्ये कोकण ९८.८२ टक्क्यांसह सर्वांत वर, नागपूर ९०.७८ टक्क्यांसह सर्वांत खाली. आमची शाळा बीड जिल्ह्यात, म्हणजे छत्रपती संभाजीनगर विभागीय मंडळाखाली. आमच्याकडून ८० मुलं परीक्षेला बसली, त्यातली ७३ उत्तीर्ण झाली. टक्केवारी ९१.२५.

संध्याकाळी मुख्याध्यापक सरांचा फोन आला. संस्थेच्या बैठकीत निकालाचा अहवाल ठेवायचा आहे आणि या वर्षी तो मी तयार करावा, असं त्यांचं म्हणणं. दरवर्षीचा नमुना ठरलेला आहे: विषयाचं नाव, बसलेले, उत्तीर्ण, टक्केवारी, शेरा. शेऱ्यात ‘जादा तास घ्यावेत’. मी होकार दिला, पण एक मागणी केली. तक्ता द्यायचा तर देतो, मात्र त्याच्या मागे जाऊन मुलांचे गुण नेमके कुठे गेले हे शोधायला मला शाळा उघडेपर्यंत वेळ हवा आणि पूर्वपरीक्षेचे गठ्ठे हवेत. गठ्ठे प्रयोगशाळेच्या कपाटात आहेत, रद्दीत गेलेले नाहीत. ते तसेच ठेवायला शिपाईमामांना सांगितलं.

१५ मे

आधी नेहमीचा तक्ता केला. मराठी आणि सामाजिक शास्त्रे १०० टक्के. हिंदी ९८.७५, विज्ञान ९६.२५, इंग्रजी ९३.७५, गणित ९२.५०.

नुसता हा तक्ता पाहिला तर काळजीचं कारण दिसत नाही. गणितात सहा नापास, इंग्रजीत पाच, विज्ञानात तीन, हिंदीत एक. इथे एक गोष्ट अहवालात ठळक लिहायची आहे: ८० मुलांच्या शाळेत एक मूल म्हणजे सव्वा टक्का. गणित ९२.५० आणि इंग्रजी ९३.७५ यांत ‘गणित मागे’ असं म्हणणं म्हणजे एका मुलाच्या जोरावर निष्कर्ष काढणं. मागच्या वर्षीशी तुलना करतानाही हेच. दोन-तीन मुलं इकडची तिकडे झाली की आलेख वर किंवा खाली जातो, आणि आपण त्याला प्रगती किंवा घसरण म्हणतो.

नापास सात जणांची यादी स्वतंत्र केली. एक चार विषयांत, एक तीन विषयांत, तिघं दोन-दोन विषयांत, दोघं एकेका विषयात. एक किंवा दोन विषय राहिलेल्या पाच जणांना एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळू शकतो, हे त्यांच्या घरी आजच कळवलं. दोन घरांत ‘नापास म्हणजे वर्ष गेलं’ असंच धरलेलं होतं. एका मुलीचं लग्न ठरवायची भाषा सुरू झाली होती. पुरवणी परीक्षा २४ जूनपासून आहे, तिची तारीख मी वडिलांना कागदावर लिहून दिली.

१७ मे

आज तक्त्याच्या मागे गेलो. पहिला थर निघाला तो एकत्रित उत्तीर्णतेचा.

मंडळाच्या नियमानुसार विषयात ३५ गुण हवेत, पण गणित आणि विज्ञान हे दोन विषय एकत्र धरण्याची सवलत आहे. दोन्ही मिळून ७० गुण झाले आणि प्रत्येकात निदान २५ असले, तर दोन्हींत उत्तीर्ण. तीन भाषांनाही तसंच: एकूण १०५ आणि प्रत्येकीत किमान २५. सवलत योग्यच आहे, ती मुलांच्या हिताची आहे. पण ‘गणितात उत्तीर्ण’ या रकान्यात गणितात २७ गुण मिळवलेलं मूलही बसतं, कारण त्याला विज्ञानात ४५ आहेत. विश्लेषणासाठी ही मुलं वेगळी काढायला हवीत.

आमच्याकडे अशी नऊ निघाली. म्हणजे गणितात स्वतःच्या बळावर ३५ गाठणारी मुलं ७४ नसून ६५. इंग्रजीत अशी चार.

दुसरा थर अंतर्गत गुणांचा. गुणपत्रिकेवर विषयाचे शंभरपैकी गुण येतात, लेखीचे आणि अंतर्गतचे वेगळे दिसत नाहीत. पण अंतर्गत २० गुण आपणच मंडळाला पाठवलेले असतात आणि त्यांची प्रत कार्यालयात असते. एकूणातून ते वजा केले की ८० पैकी लेखी गुण हातात येतात. एवढी साधी वजाबाकी, पण तिच्यामुळे सगळं चित्र बदललं.

शीट अशी मांडली: C मध्ये गणिताचे एकूण गुण, D मध्ये अंतर्गत, E मध्ये लेखी, G मध्ये गणिताचा निकाल. ओळी २ ते ८१.

```
=C2-D2
=COUNTIFS(C2:C81,">=25",C2:C81,"<35",G2:G81,"उत्तीर्ण")
=COUNTIF(E2:E81,"<28")
```

पहिलं सूत्र लेखी गुण देतं, दुसरं एकत्रित नियमाने तरलेल्यांची संख्या. तिसऱ्यातला २८ हा आकडा म्हणजे ८० चे ३५ टक्के. नोंदणी ८१ ची होती, एक मुलगा गैरहजर राहिला. गैरहजर मुलाच्या गुणांच्या जागी अक्षरं असतात, त्यामुळे वजाबाकीच्या रकान्यात #VALUE! येतं आणि त्या रकान्याची सरासरीही बिघडते. म्हणून ती ओळ आधीच वेगळ्या पानावर हलवली.

तिसऱ्या सूत्राचं उत्तर ३१ आलं. गणिताच्या लेखी परीक्षेत ८० पैकी २८ ला न पोहोचलेली ३१ मुलं. शंभरात जवळपास ३९. आणि तक्ता सांगतो, नापास सहा.

१९ मे

तीच वजाबाकी बाकीच्या विषयांची केली. लेखीत २८ च्या खाली: इंग्रजी २२, विज्ञान १९, सामाजिक शास्त्रे सहा, मराठी तीन. क्रम तक्त्यासारखाच आहे, पण खोली आता दिसते. सामाजिक शास्त्रांचा १०० टक्के आणि विज्ञानाचा ९६.२५ टक्के हे आकडे शेजारी-शेजारी असतात, पण खालचा थर एकीकडे सहा मुलांचा आहे आणि दुसरीकडे एकोणिसांचा.

गणितात अंतर्गत गुणांची सरासरी १८.६ आहे. गृहपाठ आणि बहुपर्यायी चाचणी मिळून २०. वर्गातल्या पहिल्या मुलीला २० आणि लेखीत ११ मिळवणाऱ्या मुलाला १८. मुलांमधला फरक या आकड्यांत जवळजवळ उमटतच नाही. १९ अंतर्गत असलेल्या मुलाला उत्तीर्ण व्हायला लेखीत १६ पुरतात. तो अकरावीला विज्ञान शाखेकडे वळला, तर त्याच्या हाती १६ गुणांचं गणित असतं, आणि हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

सरांशी या विषयावर बराच वेळ बोललो. अंतर्गत गुण कमी करा असं मी म्हणत नाही. एकट्या आमच्या शाळेने हात आखडला तर आमचीच मुलं प्रवेशाच्या यादीत मागे पडतील. माझं म्हणणं एवढंच की बहुपर्यायी चाचणीत मुलाला प्रत्यक्ष किती आले ते वेगळ्या वहीत राहू दे. ती वही शिक्षकाच्या कामाची आहे, कुठे पाठवायची नाही. सरांनी मान्य केलं.

२२ मे

या अहवालात सगळ्या विषयांचं सारख्या लांबीचं प्रकरण करणार नाही. एक विषय तळापर्यंत पाहायचा, तो गणित. इंग्रजीचं काम मॅडमनी घेतलं आहे. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की पाठावरचे उतारे मुलं ओळखीने सोडवतात आणि पाठाबाहेरचा उतारा आला की प्रश्नातलाच शब्द उताऱ्यात शोधून त्याच्या आसपासचं वाक्य उतरवतात. त्यांचं टिपण वेगळं जोडेन.

गणिताचा भाग १ बीजगणित, भाग २ भूमिती, प्रत्येकी ४० गुण. बोर्डाच्या निकालात दोन्ही भाग एकत्र येतात, प्रश्नवार काहीच कळत नाही. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते, पण ती विद्यार्थ्याने अर्ज करून. नापास झालेल्या दोघांनी अर्ज केले आहेत. एवढ्यावर विश्लेषण उभं राहत नाही. म्हणून जानेवारीतल्या पूर्वपरीक्षेचे पेपर घ्यायचे. आराखडा बोर्डाचाच होता आणि वेळही तेवढाच. ३१ पैकी २९ मुलांचे दोन्ही पेपर सापडले, दोघं पूर्वपरीक्षेला आलेच नव्हते.

२४ मे

पेपर तपासायची पद्धत ठरवली. प्रत्येक पेपरमध्ये पहिला आणि दुसरा प्रश्न मिळून २० गुणांचे असतात: चार बहुपर्यायी, चार एकगुणी, दोन कृती पूर्ण करायच्या आणि चार दोनगुणी उदाहरणं. म्हणजे दोन्ही भागांत मिळून ४०. लेखीत १६ वर असलेलं मूल २८ वर न्यायचं असेल तर ते १२ गुण इथेच आहेत. चौथा आणि पाचवा प्रश्न या मुलांनी बहुतेक कोराच सोडला आहे आणि त्यावर वेळ घालवण्यात सध्या अर्थ नाही. म्हणून पाहायचं ते फक्त या ४० गुणांचं.

हुकलेल्या प्रत्येक गुणाला एक खूण द्यायची. ‘को’ म्हणजे कोरं सोडलं. ‘आ’ म्हणजे रीत बरोबर, आकडेमोडीत किंवा चिन्हात गेलं. ‘रीत’ म्हणजे रीतच चुकली, सूत्र भलतंच लावलं. मी आणि नववीच्या गणिताचे सर, दोघांनी तेच पाच पेपर वेगवेगळे पाहिले आणि मग खुणा ताडून पाहिल्या. ‘आ’ आणि ‘रीत’ यांत काही ठिकाणी मतभेद झाला. नियम केला: सूत्र लिहिलेलं असेल आणि किमती योग्य जागी घातल्या असतील, तर पुढची चूक ‘आ’.

२७ मे

२९ मुलांचे पेपर पाहून झाले. ४० पैकी सरासरी १४ गुण मिळालेत, २६ गेलेत. मला वाटलं होतं की ‘रीत’ सर्वांत जास्त असेल, म्हणजे प्रकरणं कळलेली नसतील. तसं नाही. ‘को’ आणि ‘आ’ यांनीच बहुतेक गुण नेले आहेत.

‘आ’ची उदाहरणं पाहण्यासारखी आहेत. अंकगणिती श्रेढीत १२, ७, २, … या श्रेढीचं विसावं पद विचारलं होतं. मुलांना a = 12, d = −5 येतं. सूत्र येतं. पुढे 12 + 19 × (−5) असं लिहायच्या ऐवजी कंस गाळून ‘12 + 19 − 5’ लिहितात आणि उत्तर २६ काढतात. बरोबर उत्तर −८३. श्रेढी उतरती आहे, तिचं विसावं पद पहिल्या पदाहून मोठं कसं येईल, हा प्रश्न पेपर लिहिताना कुणाला पडलेला नाही. ज्यांनी कंस ठेवला त्यांच्यातल्याही काहींनी 12 − 95 चं उत्तर ८३ लिहिलं, ऋण चिन्ह गळालं.

वर्गसमीकरणातही तेच. x² − 15x + 54 = 0. चोपन्नचे ९ आणि ६ हे अवयव सापडतात. पण दोन्ही ऋण घ्यायचे हे कळत नाही, (x + 9)(x + 6) लिहिलं जातं. काहींनी अवयव बरोबर पाडले आणि तिथेच थांबले, मुळं लिहिलीच नाहीत. दोनपैकी एक गुण.

हे दहावीचं प्रकरण न समजल्याचं लक्षण नाही. पूर्णांकांच्या क्रिया, कंस आणि अपूर्णांक यांचं ओझं मुलं सहावी-सातवीपासून वर घेऊन आली आहेत. श्रेढीचं प्रकरण पुन्हा पहिल्यापासून शिकवलं तरी ही चूक जाणार नाही, कारण ती त्या प्रकरणातली नाही.

२९ मे

‘को’चा हिशेब आज केला. शिक्षक खोलीत एक मत पक्कं आहे की आमचा निकाल ऊसतोडीमुळे कमी येतो. दिवाळीनंतर आईवडील कारखान्याला जातात, काही मुलंही बरोबर जातात, फेब्रुवारीत थेट परीक्षेला उगवतात. हे खरं आहे. पण किती खरं, ते मोजायला हवं होतं.

हजेरीपट काढला. ८० पैकी १९ मुलं ऊसतोड मजुरांच्या घरची. त्यातली ११ आपल्या ३१ च्या यादीत आहेत. उरलेली ६१ मुलं गावातच राहणारी, त्यातली २० यादीत. ऊसतोडीच्या घरांतल्या निम्म्याहून जास्त मुलांना फटका बसलाय, गावातल्या मुलांत हे प्रमाण तिसऱ्या हिश्शाएवढं. फरक मोठा आहे. तरीही यादीतली बहुसंख्य मुलं वर्षभर शाळेत येणारी आहेत. सगळा भार ऊसतोडीवर टाकला तर या २० मुलांकडे कुणी बघणारच नाही.

मग दोन गटांच्या खुणा वेगळ्या काढल्या, तेव्हा आतापर्यंतचा सर्वांत उपयोगी निष्कर्ष मिळाला. ऊसतोडीच्या घरच्या मुलांच्या पेपरांत ‘को’ जास्त आहे. तो कुठेही पसरलेला नाही, ठरावीक प्रकरणांवर आहे: सांख्यिकी, त्रिकोणमिती, महत्त्वमापन. हीच प्रकरणं आम्ही नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये शिकवतो. मुलं तेव्हा वर्गात नव्हती. जून ते ऑक्टोबरमध्ये शिकवलेल्या भागात त्यांचं काम वर्गातल्या इतरांसारखंच आहे. गावातल्या मुलांच्या पेपरांत मात्र कोरी जागा कमी आणि ‘आ’ जास्त. ते सगळं सोडवायला जातात आणि चिन्हात पडतात.

दुखणी दोन आहेत. ‘जादा तास’ हा एकच उपाय दोघांना लावला तर जानेवारीत सगळे एकत्र बसून पुन्हा सगळा अभ्यासक्रम पळवतील, आणि दोघांनाही त्यातून थोडंच मिळेल.

१९ पैकी आठ मुलं यादीत नाहीत. त्यांची हजेरी पाहिली. एक सोडून सगळी आजी-आजोबांकडे किंवा मावशीकडे राहून वर्ग करत होती. म्हणजे फरक घराचा नाही, वर्गात असण्याचा आहे. हंगामी वसतिगृहाची सोय आठवीपर्यंतच्या मुलांसाठी असते. नववी-दहावीच्या मुलांसाठी घरातल्या माणसांशीच बोलावं लागणार.

२ जून

यादीतल्या दोन घरी जाऊन आलो. एका मुलाची आजी म्हणाली, “गुरुजी, पोरगं घरीच होतं की. पर आई-बाप गेल्यावर शेरडं कुणी बघायची? माझे गुडघे चालत न्हाईत.” तो मुलगा हजेरीपटावर आठवड्यातून दोन-तीन दिवस दिसतो, ते यामुळे. ‘घरी राहिला’ आणि ‘शाळेत आला’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पालकांशी बोलताना मुलाला ठेवून जा एवढंच सांगून भागणार नाही, जनावरांचं काय हेही त्याच बैठकीत विचारावं लागेल.

१२ जून

अहवाल लिहिला. पहिल्या पानावर नेहमीचा तक्ता, त्याच्याच शेजारी दुसरा रकाना: लेखीत २८ च्या खाली किती. मुख्याध्यापक सरांना भीती वाटली की संस्थेत लोक विचारतील, ९२ टक्के उत्तीर्ण आणि ३१ मुलं कमकुवत, मग खरं काय? मी म्हटलं, दोन्ही खरं आहे. पहिला आकडा मंडळाचा निर्णय सांगतो, दुसरा मुलाला किती येतं ते. आराखडा दुसऱ्यावर करायचा.

अहवालाची मर्यादाही लिहिली आहे. लेखी गुण वजाबाकीने काढलेत, त्यामुळे सवलतीचे गुण कुठे मिळाले असतील तर ते त्यात मिसळलेले असतील. प्रश्नवार निष्कर्ष पूर्वपरीक्षेचे आहेत, बोर्डाच्या पेपरचे नाहीत. आणि महत्त्वाचं म्हणजे ज्या मुलांचं हे विश्लेषण आहे ती शाळेतून गेली. नवीन दहावीला तेच दुखणं आहे असं गृहीत धरून आराखडा करता येणार नाही, आधी तपासावं लागेल.

१६ जून, सोमवार

शाळा उघडली. पहिल्याच आठवड्यात नवीन दहावीची पायाभूत चाचणी घ्यायची. १५ उदाहरणं काढली: नऊ पूर्णांक आणि कंसांची, सहा अपूर्णांकांची. कुठेही x नाही, दहावीचं काही नाही. त्यात मुद्दाम 12 + 19 × (−5) घातलं, श्रेढीचं नाव न घेता.

२१ जून

७६ मुलांनी चाचणी दिली. आठपेक्षा कमी बरोबर असलेली ३३. आणि 12 + 19 × (−5) हे ४१ मुलांचं चुकलं. जुन्या बॅचमध्ये दिसलेलं दुखणं नवीन बॅचमध्येही आहे, आता हे गृहीत राहिलेलं नाही.

आराखडा आज नक्की झाला. पहिलं, जून ते ऑगस्ट गणिताच्या प्रत्येक तासाची पहिली दहा मिनिटं पूर्णांक आणि अपूर्णांकांना. रोज पाचच उदाहरणं, वहीत, आणि मुलांनी अदलाबदल करून तपासायची. प्रत्येक उत्तरापुढे ‘मोठं येईल की लहान, धन की ऋण’ हा अंदाज आधी लिहायचा. सोडवायच्या आधी अंदाज लिहिलेला असला की ‘२६’सारखं उत्तर आल्यावर मूल स्वतःच थांबतं.

दुसरं, प्रकरणांचा क्रम बदलायचा. वार्षिक नियोजन पाठ्यपुस्तकाच्या क्रमाने चालतं, पण तो क्रम पाळलाच पाहिजे असं नाही. सांख्यिकीला आधीच्या प्रकरणांची गरज नाही, ती जुलैत घेता येते. त्रिकोणमितीला पायथागोरसचं प्रमेय लागतं, म्हणून समरूपता, पायथागोरस, मग लगेच त्रिकोणमिती. दिवाळीनंतर काहीतरी राहणारच. ते अर्थनियोजन, संभाव्यता आणि निर्देशक भूमिती राहू द्यायचं ठरवलं. पहिली दोन मुलाला पुस्तकावरून, सोडवलेली उदाहरणं पाहून बरीचशी जमतात. निर्देशक भूमितीबद्दल माझी खात्री नाही. अंतराचं सूत्र जमेल, विभाजनाचं कठीण जाईल. भौमितिक रचना मात्र दिवाळीआधीच घ्यायची, ती हातात कंपास घेऊन कुणीतरी समोर असतानाच येते.

या बदलामुळे एक अडचण आली. प्रथम सत्राला आम्ही तालुक्याची सामायिक प्रश्नपत्रिका घेतो, तिचा अभ्यासक्रम पुस्तकाच्या क्रमाने असतो. या वर्षी गणिताचा पेपर शाळेतच काढायचा, असं सरांनी लेखी दिलं. पेपर काढण्याचं काम वाढलं, पण त्याला पर्याय नव्हता.

१९ जुलै

ऊसतोड पालकांची बैठक मुद्दाम आत्ता घेतली. आधी ती दिवाळीच्या सुटीआधी व्हायची आणि तोवर फार उशीर झालेला असायचा. मुकादमाकडून आगाऊ रकमेची उचल घेताना किती कोयते, म्हणजे तोडीला किती जोडपी येणार, कोण कोण येणार हे ठरतं. उचल घेतली की मूल ठेवून जाण्याचं बोलणं संपतं.

या वर्षी दहावीत अशी १७ मुलं आहेत. १३ घरची माणसं आली. नऊ घरांनी मूल गावात ठेवायचं कबूल केलं. शेरडांचा प्रश्न तिथेच काढला. दोन घरांनी हंगामापुरती जनावरं भावकीत सांभाळायला द्यायचं ठरवलं. एक वडील स्पष्ट म्हणाले, “सर, पोरगी इथं एकटी ठेवून मला तिथं झोप येणार न्हाई.” त्यांच्याशी वाद घालण्यासारखं काही नव्हतं. त्या मुलीसाठी मावशीचं गाव शोधलं, तिथल्या शाळेत तात्पुरतं बसता येईल का याची चौकशी चालू आहे. न आलेल्या चार घरी पुढच्या आठवड्यात जायचं.

३० जुलै

काल पुरवणीचा निकाल आला. सातपैकी चौघं सर्व विषयांत उत्तीर्ण. गणिताला बसलेल्या सहांपैकी तिघं सुटले. त्या तिघांना २४ जूनपर्यंत फक्त पहिले दोन प्रश्न, तेही दोन्ही भागांचे, रोज करायला लावले होते. संख्या फार लहान आहे, यावरून रीत सिद्ध झाली असं अहवालात लिहिणार नाही. ज्या मुलीच्या लग्नाची भाषा चालली होती ती उत्तीर्ण झालेल्यांत आहे आणि तिच्या वडिलांनी अकरावीचा अर्ज भरला.

२३ ऑगस्ट

पायाभूत चाचणी पुन्हा घेतली, आकडे बदलून. आठपेक्षा कमी बरोबर असलेली मुलं ३३ वरून १९ वर आली. 12 + 19 × (−5) सारख्या उदाहरणात चुकणारी ४१ होती, आता १७. पूर्णांकांत चांगली हालचाल आहे.

अपूर्णांकांत मात्र जवळजवळ काहीच नाही. छेद वेगळे असले की मुलं अजूनही अंशात अंश आणि छेदात छेद मिळवतात. पूर्णांकांसाठी ‘अंदाज आधी’ ही रीत चालली, कारण धन-ऋणाचा अंदाज करता येतो. अर्धा आणि एक तृतीयांश मिळून एकापेक्षा कमी की जास्त, हा अंदाजच या मुलांना येत नाही, म्हणून ती रीत इथे थांबली. नववीच्या सरांनी सुचवलं की चौकटीच्या कागदावर बारा चौकटींची पट्टी आखून तिच्यावर बेरजा करून घ्याव्यात. सोमवारपासून दोन आठवडे तेच.

त्या १९ मुलांपैकी १२ ‘ब’ तुकडीतली आहेत. वेळापत्रक पाहिलं तर ‘ब’चा गणिताचा तास आठवड्यातून तीन दिवस शेवटचा येतो, आणि एसटीने येणारी मुलं गाडी चुकू नये म्हणून तो अर्धवट सोडून निघतात. मुख्याध्यापक सरांना तास बदलून मागितला आहे. विज्ञानाच्या मॅडम अदलाबदलीला तयार आहेत. त्यांचा प्रयोगाचा जोडतास मात्र शेवटीच ठेवावा लागेल, त्याची मांडणी उद्या बसून करू.

प्रथम सत्राच्या पेपरचा आराखडा असा ठरला: बीजगणितात रेषीय समीकरणे, सांख्यिकी आणि श्रेढी, भूमितीत समरूपता, पायथागोरस, त्रिकोणमिती. गुण नोंदवताना एकूण गुणांबरोबर पहिल्या दोन प्रश्नांचे गुण वेगळ्या रकान्यात घ्यायचे आणि ‘को’, ‘आ’, ‘रीत’ या खुणा पेपर तपासतानाच करायच्या, म्हणजे जानेवारीची वाट पाहावी लागणार नाही. इंग्रजीच्या मॅडमनीही पाठाबाहेरच्या उताऱ्यासाठी अशाच तीन खुणा ठरवल्या आहेत.